कॅमेऱ्याची नोटीस आणि डिस्कमधले दिवस

कामाच्या जागेचे कागद : लेखांक ७

‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी आता किराणा दुकानापासून सहकारी बँकेपर्यंत सगळीकडे दिसते. कारखान्याच्या गेटवर ती ठोकली की मालकाला वाटतं, आपलं काम झालं. कामगाराला त्या पाटीतून कळतं एवढंच की कॅमेरा आहे, आणि तो तर मान वर केली की दिसतोच. चित्रण कशासाठी होतं, कुठे कुठे होतं, किती दिवस राहतं, कोण बघतं आणि त्यातलं काही आपल्याला हवं असेल तर कुणाकडे जायचं, याबद्दल पाटी गप्प असते. गेल्या आठवड्यात आपण नेमणूकपत्र पाहिलं. या वेळी कॅमेऱ्याची नोटीस पाहू, आणि ती एका कारखान्यासाठी प्रत्यक्ष लिहून पाहू.

आधी कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि नियमांतल्या वेळापत्रकाप्रमाणे मालकांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या मे २०२७ पासून सुरू व्हायच्या आहेत. कुणाची माहिती वापरायची तर हा कायदा दोन रस्ते देतो. पहिला संमतीचा. त्यात कलम ५ प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते. दुसरा रस्ता कलम ७ मधला, संमतीशिवाय करता येणाऱ्या ठरावीक वापरांचा. त्यातच नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाचं नुकसान आणि त्याच्यावर येणारी जबाबदारी टाळण्यासाठी, माहिती वापरायची मुभा आहे. कारखान्यातला कॅमेरा बहुतेक वेळा या दुसऱ्या रस्त्यानेच आत येतो.

मालकाचे वकील इथेच हसतात. कलम ५ ची नोटीस संमतीला बांधलेली आहे. संमती मागायचीच नसेल तर नोटिशीची सक्ती कुठे उरली? काटेकोर वाचन केलं तर त्यांचं बरोबर आहे. पण हा युक्तिवाद फार दूर जात नाही. गेटमधून आत येणारे सगळे काही तुमचे कर्मचारी नसतात. ठेकेदाराचे कामगार असतात, ट्रकचे ड्रायव्हर असतात, माल तपासायला आलेले ग्राहक असतात. नोकरीच्या नावाखाली मिळालेली मुभा त्यांना किती लागू होईल हा वादाचा मुद्दा आहे. दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो संपला की ती पुसून टाका, असं कलम ८ सांगतं, आणि ‘हेतू’ म्हणजे नोटिशीत लिहिलेला हेतू, अशी या कायद्याची व्याख्याच आहे. नोटीस नसेल तर हेतू कधी संपला हे मालकाला तरी कसं दाखवता येणार?

आता आपला कारखाना. समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. साठेक कायम कामगार, वीसेक ठेकेदाराचे. दोन पाळ्या. एकूण १६ कॅमेरे: गेट, पार्किंग, कच्च्या मालाचं स्टोअर, तयार मालाची जागा, डिस्पॅच, शॉप फ्लोअरवर सहा, अकाउंट्सच्या केबिनबाहेर एक, कँटीनच्या दारात एक, आणि तीन कंपाउंडवर. रेकॉर्डर अकाउंट्सच्या कपाटात, त्यात ४ टेराबाइटची डिस्क. सीसीटीव्हीवाल्याने बसवताना सांगितलं होतं, ‘महिनाभर राहतं, काळजी नको.’ मालकाने तेच नोटिशीत लिहायला सांगितलं आहे: ‘चित्रण ३० दिवस जतन केले जाईल.’

हेतूपासून सुरुवात करू. बहुतेक नोटिशींत ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ एवढंच असतं. त्यात चोरी येते, अपघात येतो, कामगार किती वेळा लघवीला गेला तेही ओढून-ताणून येतं. हेतू इतका सैल ठेवायचा मोह मालकाला होतो, कारण उद्या काहीही करता येईल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात सैल हेतूचा फायदा समोरच्या वकिलाला होतो. म्हणून स्टोअर आणि डिस्पॅचच्या कॅमेऱ्यांचा हेतू मालाची चोरी व अफरातफर, शॉप फ्लोअरवरच्यांचा हेतू अपघात आणि यंत्राजवळची सुरक्षितता, गेटचा हेतू ये-जा, असे वेगळे लिहावेत. आणि एक वाक्य नकाराचं हवंच: या चित्रणावरून हजेरी, कामाचा वेग किंवा विश्रांतीचा वेळ मोजला जाणार नाही. मालक हे वाक्य लिहायला तयार नसेल तर तेही कळलेलं बरं. मग त्याचा हेतू देखरेखीचाही आहे आणि तो तसा उघड लिहावा. प्रेसच्या सुरक्षेसाठी म्हणून लावलेल्या कॅमेऱ्यातून सहा महिन्यांनी ‘चहाला सतरा मिनिटं’ असा मेमो निघाला, तर त्यानंतर त्या शॉप फ्लोअरवर मालकाच्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही.

छुप्या कॅमेऱ्यांबद्दल इथेच सांगतो. स्पेनमध्ये एका सुपरमार्केटच्या व्यवस्थापकाला साठा आणि विक्री यांचा मेळ बसेना. त्याने दारांवर उघड कॅमेरे लावले आणि गल्ल्यांवर छुपे. कर्मचाऱ्यांना सांगितलं फक्त उघड्या कॅमेऱ्यांचं. दहा दिवसांत चोरी सापडली आणि १४ जणांची नोकरी गेली. लोपेस रिबाल्दा या नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेलं, आणि २०१९ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला. पण तो कशावर लागला ते पाहा: मोठ्या नुकसानीचा ठोस संशय, चित्रण फक्त गल्ल्यांपुरतं, आणि तेही थोडेच दिवस. ‘कधी लागलं तर छुपे कॅमेरे वापरू’ अशी कायमची मोकळीक त्यातून निघत नाही. आपल्या नोटिशीत सरळ लिहू की छुपा कॅमेरा नाही.

जागेबद्दल फार लिहायची गरज नाही, पण जे लिहायचं ते नेमकं हवं. प्रत्येक कॅमेऱ्याला क्रमांक, जागा, आणि तो कुठे बघतो. ‘कँटीनजवळ’ म्हटल्याने काही कळत नाही. कॅमेरा दार बघतो की टेबलं, हे कामगाराला जाणून घ्यायचं असतं. संडास, कपडे बदलण्याची खोली, महिलांची विश्रांतीची खोली, पाळणाघरात अंगावर पाजण्याची जागा इथे कॅमेरा नसेल, हे नावं घेऊन लिहावं. तिथे कॅमेरा लावणं हा निव्वळ नोटिशीचा प्रश्न उरत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई चा गुन्हा उभा राहू शकतो. युनियनची खोली आणि अंतर्गत तक्रार समिती बसते ती खोली यांच्या दाराकडेही कॅमेरा रोखलेला नसावा, कारण तक्रार करायला कोण आत गेलं हेच तिथे टिपलं जातं. कॅमेरा हलवणं शक्य नसेल तर बहुतेक रेकॉर्डरमध्ये चित्राचा एखादा भाग काळा करून टाकायची सोय असते, ती वापरावी. आणि आवाज! आजकालच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत मायक्रोफोन असतो आणि तो चालू आहे हे मालकालाही ठाऊक नसतं. बंद करून नोटिशीत ‘आवाज टिपला जात नाही’ असं लिहावं; बंद करता येत नसेल तर हे वाक्य लिहू नये.

आता मुदत. माझ्या मते सगळ्या नोटिशीत सर्वांत बेजबाबदारपणे लिहिलेली ओळ हीच असते, कारण ती यंत्राला न विचारता लिहिली जाते.

हिशेब अवघड नाही. आपल्या कारखान्यातला एक कॅमेरा सरासरी २ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने चित्र पाठवतो असं धरू. १६ कॅमेऱ्यांचे झाले ३२ मेगाबिट. आठ बिट म्हणजे एक बाइट, तेव्हा दर सेकंदाला ४ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केला की दिवसाला जवळपास ३४५ गिगाबाइट भरतात. ४ टेराबाइटची डिस्क त्या हिशेबाने साडेअकरा दिवसांत भरते. भरली की रेकॉर्डर थांबत नाही. सर्वांत जुनं चित्रण पुसून त्याच्यावर नवं लिहू लागतो. नोटीस ३० दिवस म्हणते आणि यंत्र बाराव्या दिवशी पुसतं.

मग सीसीटीव्हीवाला खोटं बोलला का? तसंही नाही. नव्या पद्धतीने चित्र दाबून साठवलं आणि दर निम्मा झाला, तर तीच डिस्क २३ दिवस पुरते. शिवाय ‘हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड कर’ अशी सोय असते आणि बंद गोदामात ती छान चालते. तिच्या भरवशावर तो महिना म्हणाला असणार. पण शॉप फ्लोअरवर कन्व्हेयर दोन्ही पाळ्या हलत असतो, म्हणजे ते सहा कॅमेरे जवळपास अखंड रेकॉर्ड करत राहतात. डिस्क सगळ्यांची एकच, आणि पुसताना आधी जुनं जातं. त्यामुळे शॉप फ्लोअरची वर्दळ शांत स्टोअरचंही जुनं चित्रण ढकलून बाहेर काढते. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असतो तेव्हा डिस्क जास्त दिवस पुरते, मार्चअखेरीला ओव्हरटाइम चालतो तेव्हा कमी.

म्हणून मुदत लिहायच्या आधी रेकॉर्डर उघडायचा, जुनं चित्रण पाहायच्या पडद्यावर जायचं, आणि प्रत्येक कॅमेऱ्याची सर्वांत जुनी तारीख कोणती दिसते ते कागदावर उतरवायचं. हे कामाच्या गर्दीच्या आठवड्यात करायचं. त्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे तुमची खरी मुदत. ३० दिवस हवेच असतील तर वरच्या हिशेबाने साडेदहा टेराबाइट लागतात; मोठी डिस्क घ्या, नाहीतर नोटिशीत १० दिवस लिहा.

उलटी चूकही होते. कुणीतरी उत्साहाने मोठ्या डिस्क बसवतं, नोटीस ३० दिवसांचीच राहते, आणि यंत्रात चार-चार महिन्यांचं साठत जातं. लिहिल्यापेक्षा जास्त ठेवणं हाही नोटिशीचा भंगच. रेकॉर्डरमध्ये ठरावीक दिवसांनंतर आपोआप पुसण्याची सेटिंग असते. ती नोटिशीच्या आकड्याला जुळवून ठेवायची. नियमांत एका ठिकाणी माहिती आणि तिच्या नोंदी किमान वर्षभर ठेवण्याची भाषा आहे. ती सरकारला लागणाऱ्या विशिष्ट कारणांशी जोडलेली आहे, आणि कॅमेऱ्याच्या चित्रणाला ती कुठवर लागू धरायची यावर वकिलांमध्ये एकमत नाही. आपल्या कारखान्याला ती सरसकट लागू धरली तर सव्वाशे टेराबाइटच्या पुढे डिस्क लागतील, हे मात्र ध्यानात असू द्या.

यंत्राच्या आणखी दोन खोड्या मुदतीला खोटं पाडतात. डिस्क बिघडली तरी समोरच्या टीव्हीवर थेट चित्र व्यवस्थित दिसत राहतं, त्यामुळे रेकॉर्डिंग बंद पडल्याचं अपघाताच्या दिवशीच कळतं. आणि रेकॉर्डरचं घड्याळ पुढे-मागे सरकतं. पाळी सुटल्यानंतरची घटना पाळीतली दिसते. आठवड्यातून एकदा कुणीतरी कालचं चित्रण लावून बघावं, घड्याळ मोबाइलशी ताडून पाहावं आणि वहीत सही करावी. पाच मिनिटांचं काम आहे.

आता कामगारांचे हक्क. इथे मालक आणि कामगार दोघांचाही गैरसमज असतो. कामगाराला वाटतं, नव्या कायद्याने मला माझं फुटेज मागायचा हक्क दिला. माहितीचा तपशील मागण्याचा हक्क कलम ११ मध्ये आणि दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा कलम १२ मध्ये आहे खरा, पण दोन्ही कलमं मुळात संमतीने दिलेल्या माहितीबद्दल बोलतात. मालकाने नोकरीच्या मुभेतून कॅमेरा चालवला असेल, तर या दोन कलमांच्या जोरावर फुटेज मिळेलच असं सांगता येत नाही. उरतं कलम १३, तक्रारीचं. ते अशी वाटणी करत नाही: मालकाने आपली जबाबदारी पाळली नाही असं वाटलं तर त्याच्याकडे तक्रार करता येते, आणि तिथे निकाल लागला नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं. तक्रारीचा निपटारा करायला नियमांनी जास्तीत जास्त ९० दिवस दिलेत.

९० दिवस! आणि आपली डिस्क साडेअकरा दिवसांची. तक्रारीचं उत्तर येईपर्यंत ज्यावर तक्रारीचं चित्रण होतं ती डिस्क जवळपास आठ वेळा पुसून झालेली असेल. लैंगिक छळाच्या तक्रारीचं असंच आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करता येते, आणि कारण पटलं तर समिती ती मुदत आणखी वाढवू शकते. बाईने धीर एकवटून दुसऱ्या महिन्यात अर्ज दिला तेव्हा मालक म्हणतो, ‘आता काही नाही उरलं.’ तो खरंच बोलत असतो, पण ते कुणाला पटत नाही.

यावर उपाय सगळं चित्रण तीन महिने ठेवणं हा नव्हे. त्यात बाकी ऐंशी जणांचं रोजचं उठणं-बसणं विनाकारण साठत राहतं. उपाय आहे जतन करण्याच्या विनंतीचा, आणि नोटिशीतला सर्वांत उपयोगी हक्क मी त्यालाच म्हणेन, जरी कुठल्याही कलमात तो या शब्दांत लिहिलेला नसला. कुणाही कामगाराने, कायम असो वा ठेकेदाराचा, तारीख, अंदाजे वेळ आणि जागा सांगितली की तेवढं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायचं. कारण विचारायचं नाही. छळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. दाखवायचं की नाही हे नंतर ठरेल, पण पुसलं जाणं आज थांबेल. अपघात, भांडण, चोरीचा संशय असेल तिथे कुणी न मागताही जतन व्हावं.

दाखवण्याचा प्रश्न येतो तो चौकशीत. फुटेजच्या आधारावर आरोपपत्र दिलं असेल तर ते फुटेज आरोप असलेल्याला दाखवावंच लागतं. ज्या पुराव्यावर भिस्त आहे तो लपवून केलेली चौकशी कामगार न्यायालयात टिकणं कठीण. तो हक्क नैसर्गिक न्यायाचा आहे, डेटाच्या कायद्याच्या कितीतरी आधीचा. मात्र दाखवायचं घटनेच्या आगे-मागेचं सलग चित्रण. नेमकी वीस सेकंदं कापून दाखवली की माणूस पेटी उचलताना दिसतो, सुपरवायझरने हात करून ‘ने’ म्हटलेलं दिसत नाही.

प्रकरण कोर्टात गेलं तर प्रत कशी काढली यालाही महत्त्व येतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात झालेला खटला आठवत असेल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचं होतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं, की मूळ यंत्राऐवजी प्रत हजर करायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. सुपरवायझरने मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर फिरवला तर त्या फुटेजचा पुरावा म्हणून उपयोग डळमळतो, आणि बाकी जगाने ते बघितलेलं असतं.

कोण बघतं, हेही म्हणूनच नावानिशी, निदान हुद्द्यानिशी लिहायला हवं. मालकाच्या मोबाइलवर ॲप असतं, बहुधा मुलाच्याही, आणि ज्याने कॅमेरे बसवले त्याच्याकडे मुख्य पासवर्ड तसाच पडून असतो. नोटीस लावायच्या आदल्या दिवशी तो पासवर्ड बदला.

आता आपल्या कारखान्याची नोटीस. डिस्क तीच ठेवायची असं मालकाने ठरवलं, म्हणून आकडा बदलला आहे:

‘या कारखान्यात १६ कॅमेरे आहेत. त्यांच्या जागा आणि ते काय टिपतात याचा नकाशा शेजारी लावला आहे. स्टोअर व डिस्पॅचमधले कॅमेरे मालाची चोरी रोखण्यासाठी, शॉप फ्लोअरवरचे अपघात रोखण्यासाठी व त्यांचा तपास करण्यासाठी, बाकीचे ये-जा आणि आवाराच्या रक्षणासाठी आहेत. हजेरी, कामाचा वेग वा विश्रांतीचा वेळ यांसाठी चित्रण वापरले जाणार नाही. आवाज टिपला जात नाही. छुपा कॅमेरा नाही. संडास, कपडे बदलण्याची खोली, महिलांची विश्रांतीची खोली येथे कॅमेरा नाही.

‘चित्रण १० दिवस राहते, त्यानंतर आपोआप पुसले जाते. ते फक्त कारखाना व्यवस्थापक आणि सुरक्षा अधिकारी पाहू शकतात. प्रत्येक वेळी वहीत नोंद होते. एखादे चित्रण जतन व्हावे असे वाटल्यास १० दिवसांच्या आत तारीख, वेळ व जागा टाइम ऑफिसमध्ये तोंडी किंवा लेखी सांगा. ते त्याच दिवशी वेगळे ठेवले जाईल आणि तुम्हाला पोच मिळेल. प्रकरण संपेपर्यंत ते पुसले जाणार नाही. लैंगिक छळाबाबतची विनंती थेट अंतर्गत समितीकडे करता येईल. तुमच्यावरील आरोपासाठी चित्रण वापरल्यास ते तुम्हाला व तुमच्या प्रतिनिधीला सलग दाखवले जाईल. या नोटिशीचे पालन होत नसेल तर व्यवस्थापकाकडे तक्रार करा. उत्तर १५ दिवसांत मिळेल. ही नोटीस ठेकेदाराच्या कामगारांनाही लागू आहे.’

खाली सही, तारीख, फोन नंबर, आणि मराठीशेजारी हिंदी. ती गेटबाहेर छोट्या रूपात, टाइम ऑफिसजवळ पूर्ण, आणि नव्या माणसाला नेमणूकपत्रासोबत. रोज कॅमेऱ्याखाली उभं राहणाऱ्यावर ‘मी संमती देतो’ अशी सही मात्र घेऊ नका. नको म्हणायची सोय नसलेल्या माणसाची ती सही फारशी कामाची नसते, आणि दिलेली संमती कायद्याने मागेही घेता येते. घ्यायची तर फक्त ‘वाचलं, प्रत मिळाली’ एवढ्याचीच सही घ्या.

सतरावा कॅमेरा बसला की नकाशा बदलायचा, आणि मुदतही पुन्हा मोजायची, कारण डिस्क तेवढीच राहते आणि दिवस कमी होतात.

पुढच्या आठवड्यात : बोटाच्या ठशाची हजेरी.